पुण्यातल्या फ्लॅटचा मिळकतकर: आकडा येतो कुठून, आणि भरला नाही तर काय होते

एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, सारख्याच क्षेत्रफळाचे दोन फ्लॅट असतात. एकाला वर्षाला पाच हजारांचे बिल येते, शेजारच्याला सव्वाआठ हजारांचे. दर वाढला म्हणावे तर तो दोघांनाही सारखाच लागू आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत हे चित्र ठिकठिकाणी दिसते, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा दरात नसून महापालिकेच्या दप्तरी तुमच्या फ्लॅटबद्दल काय नोंदले आहे त्यात असते. म्हणून या लेखात राहत्या फ्लॅटचाच हिशेब आधी नीट सोडवून पाहू. दुकाने, मोकळे प्लॉट आणि मोबाइल टॉवर यांचे नियम वेगळे आहेत. पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका असल्याने तिकडचे दर आणि सवलती इथे लागू होत नाहीत.

पाया: घराची किंमत नव्हे, अपेक्षित भाडे

मुंबईत 2010 पासून मिळकतकर भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या बाजारमूल्याशी जोडलेल्या रकमेवर आकारतात. पुण्यात अजून जुनी पद्धत चालते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे ती जागा वर्षभर भाड्याने दिली तर वाजवी भाडे किती येईल हे धरले जाते आणि त्यावरून वार्षिक करपात्र रक्कम काढतात. त्यामुळे इंटरनेटवर पुण्याच्या नावाने जी गणकयंत्रे रेडी रेकनरचा दर, इमारतीचा प्रकार, वयाचा गुणक असले रकाने भरायला लावतात, त्यांचे उत्तर तुमच्या बिलाशी जुळत नाही. जुळण्याचे कारणही नाही, कारण तो हिशेबच दुसऱ्या पद्धतीचा आहे.

इथले अपेक्षित भाडे म्हणजे तुमचा भाडेकरू देतो ते वीस-पंचवीस हजार नव्हे. महापालिकेने प्रत्येक भागासाठी, वापरासाठी आणि बांधकामाच्या प्रकारासाठी दरमहा प्रति चौरस फूट भाडेदर ठरवलेला असतो आणि तो बाजारभावापेक्षा कितीतरी कमी असतो. मिळकतीची पहिली आकारणी झाली तेव्हा जो दर लागू होता तोच साधारणपणे पुढे चालत राहतो. नवे दर आले की ते नव्या आकारणीला लागतात. एकाच गल्लीतल्या पस्तीस वर्षे जुन्या इमारतीतल्या मोठ्या फ्लॅटला कमी कर आणि समोरच्या नव्या इमारतीतल्या लहान फ्लॅटला जास्त कर, हे त्यामुळेच होते. ते अन्यायाचे वाटते, पण ती चूक नसल्यामुळे त्याविरुद्ध तक्रार करून काही हाती लागत नाही.

एका फ्लॅटचा हिशेब

समजा फ्लॅट 700 चौरस फुटांचा आहे आणि आकारणीच्या वेळचा भाडेदर दरमहा प्रति चौरस फूट 2 रुपये होता. हा दर केवळ उदाहरणासाठी धरला आहे, तुमचा दर तुमच्या आकारणीच्या नोंदीत मिळेल.

महिन्याचे अपेक्षित भाडे 700 गुणिले 2, म्हणजे 1,400 रुपये. बारा महिन्यांचे 16,800. यातून देखभाल-दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात, म्हणजे 1,680 रुपये. उरले 15,120 रुपये. सवलत न देता काढलेली ही वार्षिक करपात्र रक्कम.

मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर पुण्यात यावर 40 टक्के सवलत आहे. 15,120 चे 40 टक्के होतात 6,048. ते वजा केले की कर ज्या रकमेवर लागतो ती उरते 9,072 रुपये.

आता कराचे दर. मिळकतकर हा एक कर नसून अनेकांची मोळी आहे. त्यात सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, पथ कर, महापालिकेचा शिक्षण उपकर आणि राज्य शासनासाठी गोळा केला जाणारा शिक्षण कर अशी नावे बिलावर दिसतात. बिगरनिवासी जागेला रोजगार हमी करही लागतो. यातला सर्वात मोठा हिस्सा सर्वसाधारण कराचा असतो आणि त्याचा दर करपात्र रकमेच्या टप्प्यानुसार बदलतो. उदाहरणापुरते सगळ्यांचे मिळून 55 टक्के धरू. 9,072 वर 55 टक्के म्हणजे सुमारे 4,990 रुपये. स्वतः राहत असल्याची नोंद नसलेल्या शेजाऱ्याला मात्र 15,120 वर 55 टक्के, म्हणजे 8,316 रुपये भरावे लागतात.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सवलत 40 टक्क्यांची आहे म्हणून ती गेली की बिल 40 टक्क्यांनी वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात ते जवळपास 67 टक्क्यांनी वाढते, कारण 60 चे पुन्हा 100 होतात. करपात्र रक्कम वाढल्याने सर्वसाधारण कराचा वरचा टप्पा लागला तर वाढ त्याहूनही जास्त असते.

कराचे दर मुख्य सभा ठरवते. पुढच्या आर्थिक वर्षाचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावेत असे कायदा सांगतो. वर्तमानपत्रात दरवर्षी त्या सुमारास 'करवाढ फेटाळली' अशी बातमी येते ती याच प्रस्तावाची. ती वाचून आपले बिल तेवढेच राहील असे मानू नका, कारण दर न बदलता नोंद बदलली तरी बिल बदलते.

40 टक्क्यांची सवलत आणि पीटी-3 अर्ज

स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत हा पुण्याचा 1970 चा निर्णय आहे. त्याच वेळी देखभाल-दुरुस्तीची वजावटही कायद्यातल्या 10 टक्क्यांऐवजी 15 टक्के केली होती. पुढे लेखापरीक्षणात या दोन्हींवर आक्षेप निघाले, राज्य शासनाने 2018 मध्ये निर्णय रद्द ठरवला आणि 1 एप्रिल 2019 पासून आकारणी झालेल्या नव्या मिळकतींना सवलतीशिवाय बिले गेली. शिवाय जीआयएस सर्वेक्षणात, म्हणजे संगणकीय नकाशाच्या आधारे केलेल्या मिळकतींच्या पाहणीत, ज्या घरात मालक राहत नसल्याची नोंद झाली त्यांचीही सवलत काढली गेली आणि मागील वर्षांच्या फरकाची बिले आली. बराच आरडाओरडा झाल्यावर 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 40 टक्के सवलत कायम ठेवली. देखभालीची वजावट मात्र 10 टक्क्यांवर आली.

या इतिहासाचा आजच्या बिलाशी थेट संबंध आहे. ज्यांची सवलत 2019 नंतर नाकारली गेली किंवा सर्वेक्षणात काढली गेली, त्यांना ती आपोआप परत मिळाली नाही. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज भरून 25 रुपये शुल्कासह द्यावा लागतो. पहिली मुदत 15 नोव्हेंबर 2023 होती, नंतर ती वाढली. त्यामुळे सध्या अर्ज घेतात का आणि तो कोणत्या वर्षापासून लागू होईल, हे आधी आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे, म्हणजे मिळकतकराचे काम पाहणाऱ्या निरीक्षकाकडे, विचारून घ्यावे. पेठ निरीक्षक हे पद जुन्या पुण्याच्या पेठांच्या नावावर अजून चालते, मग तुम्ही बाणेरला राहत असलात तरी.

अर्जासोबत तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा लागतो. सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांवर याच फ्लॅटचा पत्ता असायला हवा. पुणे शहरात तुमची आणखी मिळकत असेल तर तिच्या मिळकतकराच्या बिलाची प्रतही जोडावी लागते, कारण दोन्ही घरांत एकाच वेळी कोणी राहत नाही.

अर्ज नाकारला जाण्याची किंवा लोंबकळत राहण्याची कारणे बहुतेक ठरलेली असतात. कागदावरचा पत्ता गावाकडचा किंवा आधीच्या भाड्याच्या घराचा असतो. बिलावर अजून बिल्डरचे किंवा जुन्या मालकाचे नाव असते आणि पुरावे तुमच्या नावाचे, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. अशा वेळी आधी नाव बदलून घ्यावे, मग पीटी-3 द्यावा, अशा क्रमाने जाणेच सोपे पडते. तिसरे कारण म्हणजे निरीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येतो तेव्हा दार उघडणारी व्यक्ती भाडेकरू असते. फ्लॅट भाड्याने असेल तर सवलत मिळत नाही, आणि सोसायटीचे पत्र आणून ती घेतली तर पुढच्या सर्वेक्षणात ती मागील फरकासकट जाते. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि तिची तारीख जपून ठेवा. वर्षभराने सवलत लागली नाही असे दिसले तर तोच एक कागद तुमच्या बाजूने असतो.

बिल कुठे चुकते आणि ते कसे ओळखायचे

तुमच्या इमारतीत तुमच्याच आकाराच्या, तुमच्याच वर्षी आकारणी झालेल्या फ्लॅटचे बिल मिळवा. त्यावरचा मिळकत क्रमांक माहीत असेल तर propertytax.punecorporation.org वर ते पाहता येते. दोन्ही बिलांतला फक्त चालू वर्षाचा कर घ्या, थकबाकी आणि शास्ती, म्हणजे दंडाची रक्कम, बाजूला ठेवा. मग मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा.

उत्तर 1.67 च्या आसपास किंवा थोडे जास्त आले तर एकाला 40 टक्के सवलत आहे आणि दुसऱ्याला नाही. वरच्या उदाहरणात 8,316 भागिले 4,990 केले की हेच उत्तर येते. उत्तर 1.06 च्या जवळ असेल तर देखभालीच्या वजावटीचा फरक असू शकतो, कारण 15 टक्के वजावटीनंतर 85 उरतात आणि 10 टक्क्यांनंतर 90. यापेक्षा वेगळाच फरक निघाला तर क्षेत्रफळ तपासा. गच्ची, बाल्कनी किंवा पार्किंग मुख्य घराच्या क्षेत्रफळात मिळवले गेले असण्याची शक्यता असते. क्वचित चौरस मीटर आणि चौरस फूट यांची गल्लतही होते, पण ती पटकन दिसते कारण मग आकडा दहापट चुकतो.

मूळ नोंद पाहायची असेल तर क्षेत्रीय कार्यालयातून मिळकतीचा आकारणी उतारा मागा. त्यात वापर, क्षेत्र, भाडेदर आणि आकारणीची तारीख दिसते. तारखेकडे नीट पाहा. इमारतीचे भोगवटापत्र, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, येण्याच्या आधीच लोक राहायला आले असतील तर कर वापर सुरू झाल्यापासून लागतो. आकारणी उशिरा झाली तर मधल्या काळाचा कर एकदम पहिल्या बिलात येतो. नवा फ्लॅट घेणाऱ्याला पहिले बिल तीस-चाळीस हजारांचे आले की तो हादरतो, पण त्यातले बरेचसे मागील काळाचे असते. त्यातला ताबा मिळण्याआधीचा हिस्सा कोणी भरायचा हे तुमच्या आणि बिल्डरच्या करारावर अवलंबून आहे, महापालिकेला त्याच्याशी देणेघेणे नसते.

वापर बदलल्याची नोंद हाही मोठा मुद्दा आहे. राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत दवाखाना किंवा शिकवणी वर्ग सुरू केला की तेवढ्या भागाची आकारणी बिगरनिवासी होऊ शकते, आणि तिचा भाडेदर निवासीपेक्षा बराच वर असतो. काही लोक नंतर तो उद्योग बंद करतात, पण महापालिकेला कळवत नाहीत. मग वर्षानुवर्षे ते बिल बिगरनिवासी दरानेच येत राहते. कळवल्यानंतरच पाहणी होते आणि नोंद बदलते.

बेकायदा बांधकामाची तिप्पट

गच्चीवर पत्रे टाकून खोली काढली किंवा पार्किंग बंद करून दुकान केले, तर अधिनियमाच्या कलम 267-अ प्रमाणे त्या बांधकामावर दरवर्षी कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. मूळ कर आणि दुप्पट शास्ती मिळून तिप्पट होते, म्हणून लोक याला तिप्पट कर म्हणतात. हा कर भरला म्हणजे बांधकाम नियमित झाले असे मुळीच नाही. कर आकारल्याने बांधकामाला मान्यता मिळत नाही आणि कराची पावती दाखवून पाडकाम थांबत नाही.

कधी भरायचा आणि सूट कशावर मिळते

कर वर्षाचा असला तरी दोन सहामाहींत देय असतो. पहिली सहामाही 1 एप्रिलला सुरू होते, दुसरी 1 ऑक्टोबरला. पूर्ण वर्षाचा कर 31 मेपर्यंत भरला तर सर्वसाधारण करात 5 किंवा 10 टक्के सूट मिळते. काही वर्षी ही मुदत जूनअखेरपर्यंत वाढते, पण त्या भरवशावर थांबू नये. सूट फक्त सर्वसाधारण करावर आहे, एकूण बिलावर नाही. समजा 4,990 रुपयांच्या बिलात सर्वसाधारण कर 2,000 आहे, तर 10 टक्के सूट 200 रुपये होते, 499 नव्हे. सौर पाणीतापक, गांडूळखत प्रकल्प, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर 5 टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के अशी वेगळी सवलत आहे. ती टिकवायची तर यंत्रणा चालू हवी. पाहणीत बंद आढळली तर सवलत काढून घेतात.

बिल हातात पडले नाही म्हणून कर थांबत नाही. मिळकत क्रमांक घेऊन एप्रिलमध्ये संकेतस्थळावर एकदा पाहणे हे पोस्टमनची वाट पाहण्यापेक्षा बरे.

न भरल्यास आधी शास्ती वाढते

पहिल्या सहामाहीची रक्कम जूनअखेर भरली नाही तर 1 जुलैपासून दरमहा 2 टक्के शास्ती लागते. दुसऱ्या सहामाहीवर ती 1 जानेवारीपासून लागते. महिना पूर्ण व्हायची वाट पाहत नाहीत, त्या महिन्यातला एखादा दिवस गेला तरी त्या महिन्याची शास्ती धरतात. दरमहा 2 म्हणजे वर्षाला 24 टक्के, कोणत्याही गृहकर्जाच्या व्याजापेक्षा हे कितीतरी महाग आहे.

आपल्याच 4,990 रुपयांच्या फ्लॅटने तीन वर्षे काही भरले नाही असे धरा. पहिल्या वर्षाच्या मार्चअखेर पहिल्या सहामाहीच्या 2,495 रुपयांवर नऊ महिन्यांची 18 टक्के, म्हणजे सुमारे 449, आणि दुसऱ्या सहामाहीवर तीन महिन्यांची 6 टक्के, म्हणजे सुमारे 150 रुपये शास्ती होते. त्यानंतर त्या वर्षाच्या 4,990 वर प्रत्येक वर्षी 24 टक्के, म्हणजे 1,198 रुपये वाढत जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या कराचा हिशेबही तसाच. तीन वर्षे संपताना मूळ कर 14,970 आणि शास्ती सुमारे 5,389 होते. एकूण 20,359 रुपये.

आता त्याच शेजाऱ्याकडे पाहा, जो स्वतः राहतो पण ज्याने पीटी-3 दिलाच नाही. त्याचा तीन वर्षांचा कर 24,948 आणि शास्ती 8,981, मिळून 33,929 रुपये. घर सारखेच, राहणेही सारखेच, पण 25 रुपयांच्या अर्जावरून साडेतेरा हजारांहून जास्त फरक. आणि हा फरक ओझे होत गेला की लोक 'आधी बिल दुरुस्त करा, मग भरतो' असे म्हणून थांबतात. तिथेच त्यांचे नुकसान होते, कारण वाद चालू असतानाही शास्ती थांबत नाही.

महापालिका अधूनमधून अभय योजना आणते. 2020 च्या योजनेत शास्तीत 80 टक्क्यांपर्यंत सूट होती. अशा योजनेत मूळ कर माफ होत नाही, फक्त शास्तीचा काही भाग कमी होतो. ती कधी येईल आणि कोणत्या थकबाकीला लागू असेल याचा नियम नाही, त्यामुळे तिच्यावर हिशेब बांधून कर थकवणे म्हणजे 24 टक्के व्याजाने जुगार खेळणे.

मग जप्ती

शास्तीनंतर मागणीची नोटीस येते. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर महापालिका अधिपत्र काढून जंगम वस्तू जप्त करू शकते, मिळकत अटकावून ठेवू शकते आणि शेवटी तिचा लिलावही करू शकते. व्यवहारात बिगरनिवासी जागांना सील लावण्याची कारवाई आधी आणि जास्त होते, कारण दुकान बंद पडले की मालक दुसऱ्या दिवशी चेक घेऊन येतो. राहत्या घरात कुटुंब असते, म्हणून तिथे आधी नोटिसा आणि मोठ्या थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवण्यासारखे प्रकार होतात.

भाडेकरूनेही लक्षात ठेवावे: मालकाकडून वसुली झाली नाही तर कायदा जागा वापरणाऱ्याकडून ती करू देतो. भाडेकरूने असे पैसे भरले तर ते भाड्यातून कापून घेता येतात, पण त्यासाठी पावती लागते.

अधिनियमाच्या कलम 141 प्रमाणे मिळकतकर हा त्या जागेवरचा पहिला बोजा आहे. कर माणसाला चिकटलेला नाही, भिंतींना चिकटलेला आहे. फ्लॅट विकला गेला की थकबाकी फ्लॅटबरोबर नव्या मालकाकडे जाते. म्हणून जुना फ्लॅट घेताना विक्रेत्याच्या हातातली शेवटची पावती पुरेशी नाही, ती एखाद्या जुन्या सहामाहीची असू शकते. थकबाकी नसल्याचा दाखला मागा आणि संकेतस्थळावर त्या मिळकत क्रमांकाची चालू स्थिती स्वतः पाहा. विक्रेता 'नंतर भरतो' म्हणाला तर तेवढी रक्कम अखेरच्या हप्त्यातून राखून ठेवा आणि ते करारात लिहा.

विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत महापालिकेला द्यायची असते. ती दिली नाही तर दप्तरी नाव तुमचेच राहते आणि नव्या मालकाच्या थकबाकीची नोटीस तुमच्या नावे येते. महापालिका निवडणुकीच्या काळात कित्येक इच्छुक उमेदवार थकबाकी नसल्याचा दाखला धावपळीत गोळा करतात, कारण विशेष नोटीस मिळूनही तीन महिन्यांत थकबाकी न भरणारा अपात्र ठरू शकतो.

आकारणीच मान्य नसेल तर

पहिल्यांदा आकारणी झाली किंवा करपात्र रक्कम वाढवली की महापालिका विशेष नोटीस देते. तिच्यात हरकत घेण्याची मुदत लिहिलेली असते. हरकत लेखी द्या आणि मुद्दे मोजके ठेवा: क्षेत्र चुकले, वापर चुकला, आकारणीची तारीख चुकली किंवा स्वतः राहत असूनही सवलत नाही. 'कर फार आहे' हा मुद्दा नाही. सोबत खरेदीखताची सूची दोन म्हणजे इंडेक्स टू, मंजूर नकाशातला फ्लॅटचा भाग आणि राहण्याचा पुरावा जोडा. सुनावणीला बोलावले की जरूर जा, गैरहजर राहिलात तर निकाल तुमच्याशिवाय लागतो.

त्या निर्णयाविरुद्ध कलम 406 प्रमाणे लघुवाद न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी आधी हरकत घेतलेली असली पाहिजे, अपील 15 दिवसांच्या आत केले पाहिजे आणि मागणी केलेली कराची रक्कम महापालिकेकडे जमा केलेली असली पाहिजे. पैसे न भरता अपील लढवायचे हा मार्ग कायद्यात नाही. म्हणून नोटीस आली की पहिल्या आठवड्यातच आकारणी उतारा काढा, कारण तो मिळायलाच काही दिवस जातात आणि त्याच्याशिवाय हरकतीत लिहायला काही हाती नसते.